शिवी तोंडातली, मनातली नव्हे

मागच्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट. आमच्या परभणीच्या घरी गल्लीतल्या पंधरा-वीस जणी जमल्या होत्या. वाण म्हणून मी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या आणि त्यावरून हसणं-खिदळणं चाललं होतं. हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर माझे सासरे, आमचे मामा, बसले होते. त्याच्या आठ महिने आधी त्यांना लकवा मारला होता. उजवा हात, उजवा पाय गेला आणि त्यासोबत वाचाही गेली. शेजारच्या आजी उठल्या, त्यांच्या डाव्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या भाऊ, गोड बोला." मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि खणखणीत आवाजात एक शिवी दिली. आई-बहिणीवरून दिलेली, इथे छापता न येणारी.

हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. एकीने हातातली ताटली खाली ठेवली, पदर सावरला आणि ती निघून गेली. मामा म्हणजे गळ्यात तुळशीची माळ असलेले वारकरी. उभ्या आयुष्यात 'गाढवा'च्या पुढे त्यांची जीभ गेली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि घाईघाईत मी बोलून गेले, "अहो मनावर घेऊ नका, झटका आल्यापासून त्यांचं डोकं फिरलंय."

मैत्रिणींनो, चूक झाली ती इथे. मामांना बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. त्यांनी तिळगूळ तसाच मांडीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. सगळ्या गेल्यावर पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डोकं फिरलंय हे मी सांगितलेलं कारण साफ खोटं होतं. खरं कारण मला आमच्या डॉक्टरांकडून आणि स्पीच थेरपिस्ट बाईंकडून समजलं. आपलं बोलणं दोन तऱ्हेचं असतं. एक म्हणजे ताजी भाकरी थापल्यासारखं. पीठ घ्या, पाणी घाला, थापा, तव्यावर टाका. "जरा पंखा लावतेस का गं?" हे साधं वाक्यसुद्धा प्रत्येक वेळी असं नव्याने थापावं लागतं. बहुतेकांच्या मेंदूत हे काम डाव्या बाजूला चालतं. दुसरं बोलणं म्हणजे बरणीतलं लोणचं. ते आधीच तयार असतं, फक्त काढायचं. एक ते दहा आकडे, सोमवार-मंगळवार, तोंडपाठ आरती, ठेच लागल्यावर निघणारं "आई गं!" आणि शिवी. या तयार बोलण्याला, त्यातही रागा-लोभाशी जोडलेल्या शब्दांना, मेंदूची उजवी बाजू आणि खोलवरचे जुने भाग मदत करतात. मामांच्या मेंदूची डावी बाजू दुखावली, म्हणजे चूल विझली. बरणी मात्र शाबूत राहिली. म्हणून त्यांना पाणी मागता येत नव्हतं, पण हरिपाठ लावला की ते टाळ्यांच्या तालावर शब्द न चुकवता म्हणायचे. आम्हाला वाटायचं, देवाचं बरं आठवतं आणि आमची नावं तेवढी आठवत नाहीत! दुर्लक्ष म्हणून नव्हतं ते, दोन्हींचे रस्तेच वेगळे होते.

मग ज्यांनी कधी शिवी दिलीच नाही, त्यांच्या तोंडी ती आली कुठून? मी डॉक्टरांना अगदी हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "दिली नाही, पण ऐकली तर असेल ना? बाजारात, शेतावर, एसटी स्टँडवर? बरणीत आपण घातलेलंच असतं असं नाही, कानावर पडलेलंही असतं." आयुष्यभर ज्या शब्दावर झाकण घट्ट ठेवलं, तोच नेमका वर येतो, कारण झाकण ठेवणारा भाग आजारी असतो.

हा प्रकार काही नवा नाही. फ्रान्सचा मोठा कवी शार्ल बोदलेअर याला १८६६ साली झटका आला. शब्दांवर जगलेल्या त्या माणसाकडे एक अर्धवट शपथेचा उद्गार तेवढा उरला. ब्रुसेल्सच्या ज्या रुग्णालयात त्याला ठेवलं होतं, तिथे नर्सचं काम जोगिणी करत. देवाच्या नावाने निघणारा तो उद्गार ऐकून त्या बिचाऱ्या हादरून गेल्या. आमच्या हळदीकुंकवात झालं त्याहून ते काही वेगळं नव्हतं.

थेरपिस्ट बाईंनी आम्हाला शब्द ऐकू नका, सूर ऐका असं सांगितलं. पंधरा दिवस मी वहीत टिपण ठेवलं. शब्द दर वेळी तोच असायचा. पण तांब्याकडे बघत शेवटी सूर वर गेला की तहान लागलेली असायची. दात आवळून, तुटक आला की खांदा दुखत असायचा. आणि हळू, लांबवून, मान किंचित झुकवून आला की तो असायचा आभार! आजींना त्या दिवशी मामांनी शिवी दिलीच नव्हती. ते त्यांना "बरं वाटलं" असं म्हणाले होते.

तेव्हापासून घरात आम्ही चार गोष्टी बदलल्या. "काय पाहिजे?" असं मोकळं विचारत नाही, "चहा? का पाणी?" असं विचारतो आणि मान हलवायला वेळ देतो. मी मनात दहापर्यंत मोजते. एका पुठ्ठ्यावर तांब्या, कप, पंखा, संडास आणि दुखणारा माणूस अशी चित्रं चिकटवली आहेत, त्यावर ते डाव्या हाताचं बोट ठेवतात. "नीट बोला, परत म्हणा" असं कुणीही म्हणत नाही, कारण जोर केला की शिवीच आधी निघते. आणि थेरपिस्ट बाईंनी शिकवल्याप्रमाणे "पाणी दे" हे दोन शब्द अभंगाच्या चालीवर म्हणून घेतो. सात-आठ महिन्यांनी ते चालीशिवाय यायला लागले. सगळी भाषा परत येईल असं कुणी सांगितलेलं नाही. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त होते, नंतर सावकाश होत राहते. एक मात्र लक्षात ठेवा. कुणाचं बोलणं अचानक बंद पडलं, तोंड वाकडं झालं, हात पडला, तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

हळदीकुंकवानंतर तिसऱ्या दिवशी, त्या दिवशी आलेलीच एक तरुण मुलगी घरी आली. तिचं सासर जिंतूर तालुक्यातलं. चहाचा कप हातात धरून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "काकू, आमचा पोरगा पण असंच करायलाय. त्याला तर काही झटका-बिटका आला नाही. सगळे म्हणायलेत, मुद्दाम करायलाय."

पोरगा अकरा वर्षांचा. तिने सांगितलं ते क्रमाने लिहिते, कारण खूण त्या क्रमातच आहे. सहाव्या वर्षी तो डोळे मिचकवायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं. काही महिन्यांनी ते थांबलं आणि मानेला हिसका सुरू झाला. आठव्या वर्षी घशातून 'खुं खुं' यायला लागलं, खोकल्याच्या किती बाटल्या संपल्या त्याला गणती नाही. दहाव्या वर्षी एक दिवस जेवताना ताटावरून मान उडवून त्याने एक घाणेरडा शब्द उच्चारला. मग दिवसातून वीस वेळा, चाळीस वेळा. बापाने पट्ट्याने मारलं. आजीने भगताकडे नेलं, तिथे मिरचीची धुरी दिली. शब्द वाढतच गेला.

"शाळेत पाच तास गप बसतो काकू, अन् दप्तर टाकलं की सुरू. मग मुद्दामच झालं ना?" तिने विचारलं.

मामांच्या निमित्ताने ज्या डॉक्टरांची ओळख झाली होती, त्यांच्याकडेच मी तिला घेऊन गेले. तिने मोबाईलवर पोराचे दोन-तीन व्हिडिओ आणले होते, त्यांचा फार उपयोग झाला. कारण नवख्या माणसासमोर पोरगा शांत बसून होता. डॉक्टरांनी निदान केलं, टुरेट सिंड्रोम. याला रक्ताची तपासणी नाही, फोटोत काही दिसत नाही. अंगाचे हिसके आणि आवाजाचे हिसके, दोन्ही केव्हा ना केव्हा झालेले, वर्षाहून जास्त काळ चाललेले आणि अठराव्या वर्षाच्या आत सुरू झालेले, या इतिहासावरून ते ओळखतात. राणी मुखर्जीचा 'हिचकी' हा २०१८ चा सिनेमा पुष्कळ जणींनी पाहिला असेल, त्यातल्या शिक्षिकेला हाच त्रास असतो. पण तिच्या तोंडून शिव्या येत नाहीत आणि ते बरोबरच आहे. टुरेट असलेल्या शंभर जणांत साधारण दहा ते वीस जणांनाच शिवीचा हिसका असतो. बाकीच्यांना नुसतं मिचकावणं, खाकरणं.

डॉक्टरांनी पोराला जवळ बसवून विचारलं, "शब्द यायच्या आधी काय होतं रे?" आजवर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "घशात मुंग्या आल्यावानी होतं. दाबलं तर वाढतं. शब्द निघाला की थांबतं, मग परत येतं." डॉक्टर म्हणाले, शिंकेचं असंच नाही का? देवळात, मयताला आपण शिंक थोडा वेळ दाबतो, पण कायमची दाबता येत नाही. शाळेत तो पाच तास सगळं बळ लावून दाबतो आणि जिथे मार खाऊनही आपलं माणूस आपलंच राहतं, त्या घरात येऊन सोडतो. घरीच करतो याचा अर्थ मुद्दाम करतो असा नसून घरी तो थकलेला असतो, असा आहे.

मग हिसका कुठला आणि खोडी कुठली हे आईने ओळखायचं कसं? हिसक्यातला शब्द मधेच तुटून, एकाच सुरात, बहुधा मान किंवा डोळ्याच्या हिसक्यासोबत येतो. तो कुणाला उद्देशून नसतो, रिकाम्या खोलीतही येतो. शब्दानंतर पोरगा समोरच्याच्या तोंडाकडे जिंकल्यासारखं बघत नाही, शरमतो. दमल्यावर, परीक्षेला, पाहुणे आल्यावर, अगदी आनंदाच्या भरातही वाढतो. चित्र काढताना, क्रिकेट खेळताना कमी होतो, गाढ झोपेत बहुतेक थांबतो. काही आठवडे जोर असतो, काही आठवडे ओसरतो. आणि खोडीची शिवी? ती याच पोराने धाकट्या भावाला बॅट न दिल्यावर दिली होती, पूर्ण वाक्यात, त्याचं नाव घेऊन. "त्याला रागवायचं ना मग?" आईने विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, "त्याला जरूर रागवा. आजार आहे म्हणून भांडणाची सूट नाही."

एक गोष्ट मात्र लोकांना सगळ्यात जास्त फसवते. हिसक्यातली शिवी कधी कधी नेमकी नको त्या वेळी, नको त्या माणसासमोर, नको तीच निघते. समोर लठ्ठ बाई असली की तसला शब्द, देवळात देवावरचा. मग "याला बरोबर कळतं कुठे काय बोलायचं" असं वाटतं. पण "हे बोलू नको" असं मन जितकं बजावतं, तितकी त्याच शब्दाची मुंगी घशात चढते. ज्याचा अर्थ मनात आहे म्हणून नव्हे, तर ज्याची भीती मनात आहे म्हणून तो शब्द येतो.

आणि संस्कारांबद्दल. या आजाराला नाव मिळालं जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांवरून, त्यांनी १८८५ साली नऊ रुग्णांची हकिगत छापली. त्यात पहिली हकिगत होती ती एका उमराव घराण्यातल्या बाईची. तिला सातव्या वर्षापासून हिसके यायचे आणि १८२५ मध्येच दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिच्याबद्दल लिहून ठेवलं होतं. उत्तम शिक्षण, उत्तम वळण, आणि भर मैफलीत बोलता बोलता तोंडून घाण शब्द. बिचारीने पुष्कळसं आयुष्य लोकांपासून दूर काढलं. संस्कारांनी हा आजार टळत असता, तर तो आधी तिचा टळला असता.

उपचार आहेत, पण जादू नाही. सवय बदलायच्या एका पद्धतीत मुलाला ती मुंगी ओळखायला शिकवतात आणि ती आली की शब्दाला अडवणारी दुसरी कृती करायला लावतात. आमच्या या पोराला ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायला आणि सोडायला शिकवलं. तरी निघालाच, तर शब्दाचं पहिलं अक्षर तेच ठेवून पुढे साधा शब्द जोडायचा. आता त्याच्या तोंडून पुष्कळदा "भ... भाकर!" निघतं. अमेरिकेत १२६ मुलांवर या पद्धतीची तपासणी झाली, २०१० साली ती छापून आली. दहा आठवड्यांत आठ बैठका झालेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना चांगला फरक पडला. म्हणजे सगळ्यांना नाही. फार त्रास असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. त्यांनी हिसके कमी होतात, पण सुस्ती येते किंवा वजन वाढतं, म्हणून त्या आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि बंदही करू नयेत. दिलासा एवढाच की दहा-बारा वर्षांच्या सुमारास हिसके कळसाला जातात आणि वीसच्या आसपास पुष्कळांचे ओसरतात.

भगताबद्दलही सांगते. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आजीला आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या रडल्याच. "माय, मला काय ठाऊक, मी त्याच्या भल्यासाठीच नेलं." ते खरंही होतं.

तिसरा एक प्रकार वेगळा काढून सांगायला हवा. मोटारसायकलवरून पडून कपाळामागच्या मेंदूला मार बसला की माणूस नीट बोलतो-चालतो, पण तोंडाचा ब्रेक जातो. इथली शिवी समोरच्यालाच असते, रागही खरा असतो, फक्त आपण जो गिळतो तो त्याला गिळता येत नाही. अशा वेळी वाद घालू नये, टीव्ही बंद करावा, खोलीतली माणसं कमी करावीत, दहा मिनिटं बाजूला व्हावं. पण हात उगारला तर आजार म्हणून सोसत बसू नये. डॉक्टरांना सांगावं आणि घरातलं दुसरं माणूस सोबत ठेवावं.

आता लोकांना सांगायचं कसं? त्या मुलीने आणि मी बसून वाक्यं ठरवली. नियम एकच. शिवी निघण्याआधी सांगायचं, दोन वाक्यांत सांगायचं, आणि समोरच्याने काय करायचं तेही सांगायचं. वर्गशिक्षिकेला तिने सांगितलं, "त्याला मेंदूचा आजार आहे, शब्द शिंकेसारखा निघतो. ऐकू आला तरी शिकवणं थांबवू नका, आणि फार आलं तर त्याला पाच मिनिटं बाहेर जाऊ द्या." सोबत डॉक्टरांची चिठ्ठी दिली. एसटीत ती खिडकीची सीट धरते आणि शेजारच्या बाईला बसतानाच सांगते. धाकट्या भावाला एवढंच सांगितलं, "दादाच्या तोंडाला उचकी लागते. हसायचं नाही, नक्कल करायची नाही." हे सगळं पोराला विचारून, त्याच्यासमोर सांगायचं, पाठीमागे कुजबुजायचं नाही.

आणि ज्याला शब्द लागला त्याचं काय? एकदा पोराच्या तोंडून निघालेला शब्द जातीवरचा होता आणि ज्यांच्यासमोर निघाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अशा वेळी "आजारी आहे, समजून घ्या" एवढ्यावर भागत नाही. ती त्यांच्या घरी गेली आणि म्हणाली, "त्याच्या मनात नव्हतं हे खरं. तुम्हाला लागलं हेही खरं. त्याच्या वतीने मी माफी मागते." ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. मग पोराला किती दिवसांपासून त्रास आहे ते त्यांनी विचारलं.

आपल्याकडे साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांना उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. तिथे शिवीचं कुणी मनावर घेत नाही, कारण ती का दिली जाते हे दोन्ही काठांना ठाऊक असतं. आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते सांगणं माझं काम होतं.

यंदाच्या संक्रांतीला बायका बसल्यावर मी आधी मामांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मग मी सांगितलं, "मामांना सगळं कळतं. बोलायला जातात तेव्हा एकच शब्द निघतो, तो वाईट आहे. तो ऐकू आला तर समजा ते नमस्कार म्हणाले." शेजारच्या आजींनी पुन्हा त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. मामांनी मान झुकवली आणि तोच शब्द म्हणाले, हळू, लांबवून. आजी म्हणाल्या, "नमस्कार भाऊ." मामांनी तिळगूळ तोंडात टाकला.